रक्त चढवताना दम लागला तर: रुग्णालयांच्या रक्तसंक्रमण समित्यांना आणि वॉर्डातल्या डॉक्टर-सिस्टरांना खुले पत्र

महाराष्ट्रातील रुग्णालयांच्या रक्तसंक्रमण समित्यांचे सर्व सदस्य, तसेच रात्रपाळीला वॉर्ड सांभाळणारे निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांना,

सप्रेम नमस्कार.

रक्ताची पिशवी चालू असताना किंवा संपल्यावर काही तासांत पेशंटला धाप लागते, ऑक्सिजन उतरतो, छातीत दोन्ही बाजूंना बुडबुडे ऐकू येतात. केसपेपरवर ‘ब्लड रिअ‍ॅक्शन’ एवढे दोनच शब्द लिहिले जातात. एव्हिल, हायड्रोकॉर्टिसोन आणि लॅसिक्स अशी तिन्ही इंजेक्शने एकापाठोपाठ दिली जातात आणि पिशवी कचऱ्यात जाते. पेशंट सावरला तर विषय तिथेच मिटतो. सावरला नाही तर ‘मुळातच सीरियस होता’ असे म्हटले जाते. हे पत्र त्या दोन शब्दांबद्दल आहे. त्यांच्याखाली दोन अगदी वेगळे आजार झाकले जातात, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

पहिला आजार टॅको, म्हणजे ट्रान्सफ्यूजन-असोसिएटेड सर्क्युलेटरी ओव्हरलोड. यात रक्तवाहिन्यांत मावेल त्यापेक्षा जास्त किंवा हृदयाला पेलेल त्यापेक्षा वेगाने द्रव जातो. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि त्या दाबाने पाणी फुप्फुसांत उतरते. दुसरा ट्राली, म्हणजे ट्रान्सफ्यूजन-रिलेटेड अ‍ॅक्यूट लंग इंजुरी. इथे दाब वाढलेला नसतो. दात्याच्या प्लाझ्मातली अँटिबॉडी पेशंटच्या पांढऱ्या पेशींना चिकटते, त्या पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकून उत्तेजित होतात, केशवाहिन्यांची भिंत गळू लागते आणि प्रथिनांनी भरलेला द्रव हवेच्या पिशव्यांत शिरतो. म्हणून टॅकोच्या पेशंटच्या रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, तर ट्रालीच्या पेशंटच्या बऱ्याचदा रित्या होत चाललेल्या असतात. लॅसिक्स पहिल्याला वाचवते. दुसऱ्याचा आधीच पडलेला बीपी ते आणखी पाडते.

फरक तपासाच्या दिशेतही आहे. टॅको झाला तर दात्याचा काही दोष नसतो, प्रश्न वॉर्डला विचारायचा असतो: किती दिले, किती वेगाने दिले, वजन पाहिले होते का? ट्रालीचा संशय असेल तर प्रश्न रक्तकेंद्राकडे जातो, कारण त्याच दात्याच्या त्याच रक्तदानातून निघालेली प्लाझ्मा किंवा प्लेटलेटची पिशवी त्या क्षणी फ्रीजमध्ये दुसऱ्या कुणासाठी थांबलेली असू शकते.

आता एक उदाहरण. ते समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातले प्रत्येक पाऊल तुमच्या ओळखीचे असेल. ३८ वर्षांची बाई, वजन ३६ किलो, अनेक महिन्यांच्या अतिरक्तस्रावाने हिमोग्लोबिन ४.१ वर आलेले. दाखल होताना नाडी ११२, बीपी १०४/६०, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९७. अंगावर सूज नाही. दुपारी सलाईनची अर्धा लिटरची बाटली चढली. संध्याकाळी २८० मिलिलिटरची पहिली पिशवी गेली आणि रात्री नऊला दुसरी लागली. पाळी बदलण्याआधी संपावी म्हणून ती तासाला १४० मिलिलिटरच्या वेगाने चालू होती. साडेदहाला बाईला कोरडा खोकला सुरू झाला, आडवे राहवेना, ती उठून बसली. बीपी १५०/९२, नाडी १३२, सॅच्युरेशन ८६, ताप ३७.९ अंश. मानेची शीर फुगलेली, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बुडबुडे आणि वर घरघर.

ही घरघर ऐकून दमा समजून नेब्युलायझर लावला जातो आणि ताप पाहून अ‍ॅलर्जी समजून एव्हिल दिले जाते. दोन्ही वेळा मूळ कारण बाजूला पडते. पाण्याने सुजलेल्या श्वासनलिकांतूनही घरघर येते. आणि टॅकोत ताप येत नाही हा समज चुकीचा आहे, साधारण एक तृतीयांश पेशंटमध्ये तो दिसतो. नुसत्या तापावरून निदान ट्रालीकडे झुकवू नये.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. दीर्घकाळच्या अ‍ॅनिमियात लाल पेशी कमी झालेल्या असतात, पण शरीराने प्लाझ्मा वाढवून रक्ताचे एकूण आकारमान जवळपास पूर्ण राखलेले असते. ३६ किलोच्या या बाईचे ते सुमारे २३०० मिलिलिटर धरू. तिच्यात रिकामी जागा नाही. त्यात साडेदहापर्यंत पहिल्या पिशवीचे २८० आणि दुसरीतले सुमारे २१० मिळून ४९० मिलिलिटर रक्त गेले, म्हणजे तिच्या स्वतःच्या रक्ताच्या पाचव्या हिश्शाएवढे. शिवाय सलाईनचे ५००. त्या काळात लघवी झाली ३०० मिलिलिटर. ताशी १४० हा वेग तिच्या वजनाला किलोमागे जवळपास ४ मिलिलिटर पडतो. टॅकोचा धोका असलेल्या पेशंटला तो किलोमागे ताशी १ मिलिलिटरच्या आसपास ठेवायला हवा. रक्तस्रावाने कोसळत असलेल्या पेशंटला हे गणित लागू नाही, त्याला रक्त वेगानेच लागते. ही बाई तशी नव्हती. तिचे ४.१ हिमोग्लोबिन महिनोन् महिने घसरत आलेले होते आणि सकाळपर्यंत थांबायला कोणतीच अडचण नव्हती.

ताशी १ मिलिलिटर प्रति किलो म्हणजे तिला ताशी ३६ मिलिलिटर. मिलिलिटरला २० थेंब पाडणाऱ्या सेटवर ते मिनिटाला १२ थेंब होतात (थेंबांचा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, तो एकदा वाचून घ्यावा). पण या वेगाने २८० मिलिलिटरची पिशवी संपायला पावणेआठ तास लागतील आणि फ्रीजबाहेर आलेले रक्त चार तासांत संपवायचे असते. म्हणूनच वेग वाढवण्याचा मोह होतो. खरा उपाय वेगळा आहे. चार तासांत तिच्यात १४४ मिलिलिटर जाते, म्हणजे साधारण अर्धी पिशवी. रक्तकेंद्राला आधीच फोन करून पिशवी निर्जंतुक जोडणीने दोन भागांत करून मागा. अर्धी आज, अर्धी उद्या. ही सोय नसेल तर चार तासांनंतर उरलेले रक्त टाकून द्या. रक्त वाया गेल्याची हळहळ वाटते, ती आम्हालाही वाटते. तरीही फुप्फुसांत पाणी उतरवण्यापेक्षा शंभरेक मिलिलिटर रक्त टाकणे परवडते. आणि दोन पिशव्या एकाच कागदावर मागवू नका. एक द्या, पेशंटला पुन्हा तपासा, हिमोग्लोबिन पाहा, मग दुसरीचे ठरवा.

त्या बाईला काय करायचे? पिशवी बंद. पाठ उभी, पाय खाली. ऑक्सिजन. फ्युरोसेमाइड २० ते ४० मिलिग्रॅम शिरेतून. शीर चालू राहावी म्हणून सलाईन लावण्याची आपल्याकडे सवय आहे, इथे ते धो-धो सोडू नये. कॅन्युला फ्लश करून बंद ठेवली तरी पुरते. दोन तासांत सातशे मिलिलिटर लघवी झाली, बीपी १२८ वर आला आणि सॅच्युरेशन ९४ झाले, तर निदानाला चांगला आधार मिळाला. मात्र एकट्या लॅसिक्सच्या प्रतिसादावर सगळे तोलू नका. ट्रालीचा पेशंट त्याच सुमारास आपोआप सुधारू लागला असेल तर श्रेय चुकून लॅसिक्सला जाते.

आता दुसरे चित्र शेजारी ठेवा. ४५ वर्षांचा, ६० किलोचा पुरुष, शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तस्रावासाठी फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा चालू. हृदयाचा आजार नाही, लघवी व्यवस्थित, दिवसभराचा द्रवाचा हिशेब जवळपास बरोबरीत. सकाळच्या तपासणीत पांढऱ्या पेशी ९,४००. दुसरी पिशवी सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली आणि थंडी वाजून ताप ३८.६ अंशांवर गेला. बीपी ११८/७६ वरून ८४/५० वर, सॅच्युरेशन ८२. मानेची शीर दिसतसुद्धा नाही. बुडबुडे तळापुरते नाहीत, वरपर्यंत आहेत. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसे पांढरी, हृदयाचा आकार नेहमीएवढा, फुप्फुसाभोवती पाणी नाही. श्वासनलिकेत नळी टाकल्यावर तिच्यातून पिवळसर फेसाळ द्रव वर येऊ लागला. त्याच वेळी पाठवलेल्या नमुन्यात पांढऱ्या पेशी २,८००.

एकूण गेले होते चारशे मिलिलिटरच्या आत. साठ किलोच्या निरोगी हृदयाच्या माणसाचे फुप्फुस एवढ्याने पाण्याने भरत नाही. पांढऱ्या पेशींची ती अचानक घसरण म्हणजे पेशी फुप्फुसांत अडकल्याची खूण. ती काही तासांतच भरून निघते, म्हणून सकाळची वाट न पाहता सीबीसी त्याच क्षणी पाठवायची. घसरण दिसली नाही तरी ट्राली बाद होत नाही, दिसली तर मात्र पारडे त्या बाजूला झुकते. या पेशंटला बीपी मोजण्याआधीच लॅसिक्स दिले असते तर बीपी आणखी खाली गेला असता. त्याला लागतो ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेटरवर अपेक्षित वजनाच्या किलोमागे सुमारे ६ मिलिलिटरचे छोटे श्वास, आणि बीपी टिकवण्यासाठी औषधे व जपून दिलेला द्रव. स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही. बहुतेक पेशंटची फुप्फुसे दोन ते चार दिवसांत मोकळी होतात. तोवर त्याला धरून ठेवणे हाच उपचार.

म्हणून आमची पहिली विनंती खाटेजवळच्या क्रमाबद्दल आहे. पिशवी बंद केल्यावर आधी पिशवीवरचे नाव-नंबर आणि पेशंटचा मनगटपट्टा जुळवा. चुकीच्या गटाचे रक्त आणि जंतूंनी दूषित रक्त या दोन गोष्टी दमाच्या रूपातही समोर येतात आणि त्यांना एक मिनिटही देता येत नाही. लघवीचा रंग पाहा. अंगावर गांधी, ओठांची सूज, घशातून शिट्टीसारखा आवाज असेल तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, तिथे अ‍ॅड्रिनलिन. हे नसेल तर इंजेक्शन भरण्याआधी बीपी मोजा आणि तो पिशवी लावण्यापूर्वीच्या बीपीशेजारी ठेवून वाचा. मग मान, मग छाती, मग द्रवाचा हिशेब. वाढलेला बीपी, फुगलेली शीर आणि अंगावर चढलेले पाणी एकत्र असेल तर लॅसिक्स द्या. बीपी पडलेला आणि शीर रिती असेल तर हात आवरा आणि आयसीयूला फोन करा.

सोनोग्राफी मशीन हाताशी असेल तर उपयोग होतो, पण तिच्याकडून जास्त मागू नका. फुप्फुसातल्या उभ्या पांढऱ्या रेषा दोन्हीत दिसतात, त्या फक्त पाणी आहे एवढे सांगतात. फुगलेली, श्वासाबरोबर न दबणारी अधोमहाशीर आणि मंद आकुंचन पावणारे डावे हृदय टॅकोकडे नेते. हृदय छान आकुंचन पावते आहे म्हणून टॅको नाकारू नका, कारण कडक झालेले, नीट सैल न पडणारे हृदय तिथे सहज फसवते. वयस्क, बीपीचे आणि किडनीचे पेशंट याच गटातले.

एक तपासणी मात्र आम्हाला फार कमी ठिकाणी केलेली दिसते, आणि तिच्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. एनटी-प्रोबीएनपी हे ताणलेल्या हृदयातून रक्तात येणारे द्रव्य आहे. टॅकोच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ते वयाच्या मर्यादेपेक्षा जास्त आणि रक्त देण्यापूर्वीच्या पातळीच्या दीडपटीहून जास्त असेल तर तो एक निकष धरला जातो. अडचण अशी सांगितली जाते की रक्त देण्यापूर्वीचा नमुना कुणी घेतो कुठे? तो घेतलेला असतो. क्रॉसमॅचसाठी पाठवलेली ट्यूब रक्तकेंद्राच्या फ्रीजमध्ये रक्त दिल्यानंतरही सात दिवस जपून ठेवलेली असते. एनटी-प्रोबीएनपी थंड तापमानात तीनेक दिवस टिकते (नुसते बीएनपी टिकत नाही, ते काही तासांतच तुटते, म्हणून कोणती चाचणी ते नीट विचारा). त्या ट्यूबमधला थोडा प्लाझ्मा आणि दम लागल्यानंतरचा नमुना एकाच मशीनवर एकाच वेळी चालवा. ट्यूबचा प्रकार आपल्या लॅबच्या किटला चालतो का, एवढे आधी विचारून ठेवा. वरच्या बाईत समजा आधी ४२० आणि नंतर १,८९० आले, तर ते साडेचार पट झाले. नंतरचा आकडा नॉर्मल आला तर टॅकोची शक्यता फार कमी उरते. किडनी बंद पडलेल्या किंवा सेप्सिसच्या पेशंटमध्ये तो मुळातच चढा असतो. तिथे प्रमाणही जपूनच वाचावे.

वेळेचा नियम थोडक्यात. ट्राली सहा तासांच्या आत येते, बहुतेकदा पहिल्या एक-दोन तासांतच. टॅको बारा तासांपर्यंत धरला जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा की पिशवी संपली की निरीक्षण संपत नाही. आपल्या तक्त्यांत सुरुवातीची, पंधरा मिनिटांची आणि शेवटची नोंद असते, पुढे कागद कोरा. आमची मागणी आहे की तक्त्यात सॅच्युरेशनचा आणि वजनाचा रकाना घाला आणि पिशवी संपल्यावर तासाभराने एक नोंद, मग बारा तासांपर्यंत प्रत्येक राऊंडला एक नोंद सक्तीची करा. रक्त देण्यापूर्वीचे सॅच्युरेशन लिहिलेले नसेल तर नंतरचे ८८ नवे की जुने हे कुणीच सांगू शकत नाही.

सगळेच पेशंट वरच्या दोघांसारखे स्वच्छ वेगळे पडणार नाहीत, हेही लिहायला हवे. डेंग्यूच्या पेशंटला प्लेटलेट दिल्यावर दम लागला, तर डेंग्यूने मुळातच केशवाहिन्या गळत असतात, त्यात सलाईन चढलेले असते आणि वर प्लेटलेटमधला प्लाझ्मा. २०१९ च्या सुधारित व्याख्येत अशांसाठी जागा आहे. फुप्फुसाला इजा करणारे दुसरे कारण अंगात नसेल तर पहिल्या प्रकारची ट्राली. तसे कारण होते, पण रक्त देण्यापूर्वीचे बारा तास श्वास स्थिर होता आणि नंतर बिघडला, तर दुसऱ्या प्रकारची. आणि दोन्ही आजार एकाच वेळी दिसत असतील, किंवा वेगळे करायला पुरेशी माहिती नसेल, तर ‘ट्राली/टॅको, वेगळे करता येत नाही’ असे लिहिण्याची मुभा आहे. ती वापरा. खोट्या खात्रीने एक नाव टाकण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे. त्या बारा तासांच्या अटीसाठीही जुन्या सॅच्युरेशनच्या नोंदी लागतातच.

शेवटचा मुद्दा रक्तकेंद्राला कळवण्याचा. ट्रालीचा नुसता संशय असला तरी आधी फोन करा, फॉर्म मागाहून भरा. रक्तकेंद्र त्या दात्याचे बाकीचे घटक तिथल्या तिथे बाजूला काढू शकते. पिशवी सेटसकट, क्लॅम्प लावून, सुई काढून परत पाठवा. सोबत एक ईडीटीए आणि एक साधी ट्यूब. एचएलए आणि पांढऱ्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि उत्तराला वेळ लागतो. ट्रालीचे निदान खाटेजवळचे आहे, त्या अहवालासाठी थांबायचे नाही, आणि अँटिबॉडी सापडली नाही म्हणून निदान मागेही घ्यायचे नाही. या अँटिबॉडी प्रामुख्याने अनेक गर्भारपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात तयार होतात. म्हणूनच ब्रिटनने २००३ च्या अखेरीपासून शक्यतो पुरुष दात्यांचाच प्लाझ्मा पेशंटला द्यायला सुरुवात केली आणि तिथे ट्रालीचे प्रमाण स्पष्ट घटले. आपल्याकडे बहुतांश दाते पुरुष आहेत, त्यामुळे प्लाझ्मासाठी असा नियम पाळणे आपल्या रक्तकेंद्रांना तुलनेने सोपे आहे. स्त्रियांच्या रक्तदानातल्या लाल पेशी वापराव्यात आणि प्लाझ्मा औषधनिर्मितीला पाठवावा. स्त्रियांनी रक्तदान करू नये असा याचा अर्थ कुणी काढू नये.

भारतात रक्तसंक्रमणातल्या प्रतिक्रिया नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ पासून नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेमार्फत चालू आहे. त्याच्या फॉर्मवर टॅको आणि ट्राली असे वेगळे रकाने आहेत. समित्यांना विनंती आहे की पुढच्या बैठकीत गेल्या वर्षभरातले ‘ब्लड रिअ‍ॅक्शन’ लिहिलेले केसपेपर काढावेत, त्यातले दम लागलेले वेगळे करावेत आणि प्रत्येकासमोर पाच गोष्टी भराव्यात: वजन, पिशवीचा वेग, आधीचा व नंतरचा बीपी, आधीचे व नंतरचे सॅच्युरेशन, चोवीस तासांचा द्रवाचा हिशेब. जिथे रकाना रिकामा राहील, तो आधी वॉर्डच्या तक्त्यात छापून घ्यावा.

आपले,
रक्तसंक्रमण वैद्यकशास्त्रात काम करणारे काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ